तेरीज जुळली, तरी चूक आत बसलेली असते

एका हार्डवेअरच्या दुकानाची रोजकीर्द डोळ्यांसमोर आणा. ३१ मार्च २०२५ ची शेवटची नोंद अशी आहे:

हमाली खाते — नावे १,८००
सांगलीच्या पुरवठादाराचे खाते — जमा १,८००

हमाली इस्लामपुरातल्या हमालांना रोख दिलेली. पुरवठादार सांगलीचा, त्याच्याकडून बिजागऱ्या आणि कड्या-कोयंडे येतात. या दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, आणि असा व्यवहार कधी झालेलाच नाही. तरीही ही नोंद शंभर टक्के बरोबर आहे. दुकान आणि आकडे मी समजावण्यापुरते रचले आहेत, पण अशी नोंद का करावी लागते हे ज्याला कळले त्याला तेरजेनंतरच्या चुकांचे अर्धे प्रकरण कळले. जीएसटी सध्या बाजूला ठेवू, नाहीतर आकड्यांत मूळ मुद्दा हरवेल.

तेरीज एवढेच तपासते की खातेवहीतल्या सगळ्या नावे शिलकांची बेरीज सगळ्या जमा शिलकांच्या बेरजेएवढी आहे का. रक्कम योग्य खात्यात गेली का, हे तिला कळत नाही. व्यवहार घडला होता का, हेही ती विचारत नाही. एखाद्या व्यवहाराची नावे बाजू लिहिली आणि जमा बाजू राहिली, तर ती लगेच बोंब मारते. पण दोन्ही बाजू चुकीच्या खात्यात का होईना, सारख्या रकमेने पडल्या, तर ती गप्प राहते. म्हणून तेरीज जुळल्यानंतर सापडणारी प्रत्येक चूक दुहेरी असते: एक तर एकाच व्यवहारात दोन किंवा अधिक खाती अशी बिघडलेली असतात की बेरजा सारख्याच राहतात, किंवा दोन वेगळ्या एकेरी चुकांनी एकमेकींना झाकलेले असते. दोन्हीकडे दुरुस्तीची नोंद नेहमीच्या रोजकीर्द नोंदीसारखीच असते, नावे आणि जमा पूर्ण. तेरजेतला फरक तात्पुरता जिथे ठेवतात ते सस्पेन्स खाते इथे लागत नाही, कारण ठेवायला फरकच नसतो. याला एक अपवाद आहे, तो हमालीच्या गोष्टीत येईल.

दुरुस्ती मनातल्या मनात करायला गेलात की गोंधळ ठरलेला. कच्च्या कागदावर आधी काय लिहिले गेले आहे ते लिहायचे, त्याखाली काय लिहायला हवे होते ते लिहायचे, आणि मग पहिल्यावरून दुसऱ्यावर जायला प्रत्येक खात्यात किती घालावे किंवा काढावे लागेल ते पाहायचे. तिसऱ्या पायरीवर जे उरते तीच दुरुस्तीची नोंद. विद्यार्थी बहुतेक वेळा पहिली पायरी गाळतात आणि सरळ बरोबर नोंद करून टाकतात. मग जुनी चूकही वहीत राहते आणि नवी नोंदही.

याच दुकानात विक्रीचे एक बिल खरेदी पुस्तकात लिहिले गेले. माने नावाच्या गिऱ्हाइकाला ७,००० रुपयांचा माल उधार दिला होता. खरेदी पुस्तकातून खात्यांत नोंदी उतरल्यामुळे, म्हणजे खतावणी झाल्यामुळे, खरेदी खाते ७,००० नी नावे पडले आणि माने यांचे खाते ७,००० नी जमा. व्हायला हवे होते उलटे: माने नावे ७,०००, विक्री जमा ७,०००. आता तिसरी पायरी. खरेदी खात्यात नको ते ७,००० नावे आहेत, ते काढायला खरेदी जमा ७,०००. विक्रीत काहीच आलेले नाही, म्हणून विक्री जमा ७,०००. आणि माने यांच्या खात्यात नको ती जमा पुसायला ७,००० आणि हवी ती नावे टाकायला आणखी ७,०००.

माने यांचे खाते — नावे १४,०००
खरेदी खाते — जमा ७,०००
विक्री खाते — जमा ७,०००

हा दुप्पट आकडा पाहून नवखा माणूस दचकतो. चुकीच्या बाजूला लिहिलेली रक्कम दुरुस्त करताना दुप्पटच लागते, कारण शून्यावर येईपर्यंत एकदा आणि पलीकडे जाईपर्यंत दुसऱ्यांदा चालावे लागते. ही चूक सापडली कशी, तर माने यांच्या खात्यात जमा शिल्लक दिसत होती. माने आपल्याला कधी माल विकत नाहीत, आगाऊ पैसेही देत नाहीत. मग आपण त्यांचे देणे कसे लागतो? गिऱ्हाइकांच्या यादीत जमा शिल्लक आणि पुरवठादारांच्या यादीत नावे शिल्लक दिसली की थांबून पाहावे. अनामत किंवा आगाऊ रक्कम असेल तर ठीक, नाहीतर तिथे काहीतरी दडलेले असते.

दोन पाटलांची अदलाबदल तर गावोगाव होते. एस. पाटील यांनी दिलेले ९,००० एम. पाटील यांच्या खात्यात जमा झाले. दुरुस्ती सोपी: एम. पाटील नावे, एस. पाटील जमा, दोन्ही ९,०००. नफ्याला धक्का लागत नाही. पण पैसे दिलेल्या पाटलांना वसुलीचा फोन गेला की गिऱ्हाईक तुटते, आणि ते कोणत्याही पत्रकात दिसत नाही.

आता तत्त्वाच्या चुका. यांत बेरीज चुकत नाही, नावे-जमा चुकत नाही, कधीकधी व्यवहाराचे वर्णनही बरोबर असते. चुकते ते खर्चाचा स्वभाव ओळखणे. पुढची काही वर्षे उपयोगी पडणारा भांडवली खर्च त्या वर्षापुरत्या महसुली खात्यात जातो किंवा उलट, आणि ही गफलत बेरजा कितीही वेळा तपासल्या तरी सापडत नाही.

दुकानाने जून २०२४ मध्ये इलेक्ट्रॉनिक काटा २४,००० रुपयांना उधार घेतला. मुनीमजींनी पुरवठादाराचे बिल पाहिले आणि बाकीच्या बिलांसोबत खरेदी पुस्तकात टाकले. पण खरेदी खाते हे विकण्यासाठी घेतलेल्या मालाचे खाते आहे. काटा विकायचा नाही, तो पुढची काही वर्षे दुकानात राहून काम देणार. पुरवठादाराच्या खात्यात जमा पडलेले २४,००० बरोबर आहेत, त्याला हात लावायचा नाही. दुरुस्ती फक्त नावे बाजूची:

यंत्रसामग्री खाते — नावे २४,०००
खरेदी खाते — जमा २४,०००

इथे बरेच जण थांबतात आणि अर्धीच दुरुस्ती करतात. काटा मालमत्ता झाला की त्यावर घसारा आलाच. छोट्या दुकानांच्या वहीत बहुधा आयकराचेच दर वापरतात. सर्वसाधारण यंत्रसामग्रीला तो दर १५ टक्के आहे, घटत्या शिलकेवर. वस्तू त्याच वर्षात घेतलेली आणि १८० दिवसांपेक्षा कमी वापरलेली असेल तर निम्मा. काटा जूनपासून वापरात आहे म्हणून पूर्ण घसारा: ३,६००. चुकीमुळे या वर्षाच्या नफ्यातून २४,००० गेले होते, जायला हवे होते ३,६००. म्हणजे नफा २०,४०० नी कमी दिसत होता.

वर्षअखेरच्या साठ्यात काटा मोजलेला नव्हता, म्हणून पूर्ण रकमेचा फटका बसला. उत्साही नोकराने मालाची मोजदाद करताना काटाही यादीत धरला असता, तर खरेदीतले २४,००० अखेरच्या साठ्यातून परत आले असते आणि नफा जवळजवळ बरोबर दिसला असता. ताळेबंदात मात्र मालमत्तेऐवजी साठा फुगलेला राहिला असता. अशा वेळी साठ्याचा आकडाही दुरुस्त करावा लागतो, नाहीतर एकच वस्तू दोनदा मोजली जाते.

टेम्पोचे प्रकरण यापेक्षा मजेचे आहे. डिसेंबर २०२४ मध्ये दुकानाने जुना टेम्पो दीड लाखाला घेतला. गाडी रस्त्यावर आणण्याआधी इंजिनाचे काम आणि नवे टायर यांवर १८,००० गेले, आणि बिलावर गॅरेजवाल्याने 'दुरुस्ती' असे ठळक लिहिले. मुनीमजींनी ते वाहन दुरुस्ती खात्यात नावे टाकले. शब्द बघितला तर बरोबर, स्वभाव बघितला तर चूक. जुनी वस्तू वापरण्याजोगी करायला जो खर्च येतो तो तिच्या किमतीचाच भाग. टेम्पो आपल्याला दीड लाखाला नाही, १,६८,००० ला पडला. म्हणून:

वाहन खाते — नावे १८,०००
वाहन दुरुस्ती खाते — जमा १८,०००

हाच टेम्पो फेब्रुवारीत पंक्चर झाला, मार्चमध्ये ब्रेकचे काम निघाले, तो खर्च मात्र दुरुस्ती खात्यातच राहतो. तेच गॅरेज, तसेच बिल, पण वेळ वेगळी. स्वतःच्या मालाची ने-आण करणाऱ्या वाहनाला आयकरात १५ टक्के घसारा मिळतो, आणि टेम्पो १८० दिवसांपेक्षा कमी वापरल्यामुळे निम्मा, साडेसात टक्के. वाढलेल्या १८,००० वर तो १,३५० होतो. म्हणजे या चुकीमुळे नफा १६,६५० नी कमी दाखवला गेला होता.

मालकांच्या घराचे ४,८०० रुपयांचे लाइटबिल दुकानाच्या वीजबिल खात्यात गेले, तीही याच जातीची चूक. दुकान आणि मालक हिशेबात वेगळे धरायचे, म्हणून उचल खाते नावे ४,८००, वीजबिल खाते जमा ४,८००. मालकांना हे पटवणे नोंद करण्यापेक्षा अवघड असते.

तत्त्वाच्या चुका शोधायला एकच रस्ता मला खात्रीचा वाटतो. खरेदी, दुरुस्ती, मजुरी आणि किरकोळ खर्च या खात्यांतल्या मोठ्या रकमा एकेक करून उघडायच्या आणि मूळ बिल हातात घेऊन विचारायचे की ही वस्तू किंवा हे काम ३१ मार्चनंतरही उपयोगी पडणार आहे का. किरकोळ खर्चात पंधरा-वीस हजारांचा एकच आकडा असेल तर तो किरकोळ नाही हे उघड आहे.

आता हमालीकडे. एप्रिलमध्ये सांगलीच्या पुरवठादाराने खातेउतारा पाठवला. त्यात आपले देणे आपल्या वहीपेक्षा १,८०० नी जास्त. बिले लावून पाहिली. ५,३०० चे एक बिल खरेदी पुस्तकात बरोबर लिहिले होते, पुस्तकाची बेरीजही बरोबर खरेदी खात्यात गेली होती, पण पुरवठादाराच्या खात्यात खतावताना ३,५०० पडले होते. जमा बाजू १,८०० नी कमी.

इथे थोडे थांबा. ही एकेरी चूक आहे, एकाच खात्यात झालेली. ती एकटी असती तर तेरीज जुळलीच नसती. पण तेरीज जुळली होती. याचा अर्थ कुठेतरी तेवढ्याच रकमेची दुसरी चूक आहे, जिने नावे बाजूही १,८०० नी कमी केली किंवा जमा बाजू १,८०० नी वाढवली. पुरवठादाराचा खातेउतारा आला नसता तर दोघी तशाच पोटात राहिल्या असत्या. यांना भरपाई चुका म्हणतात, आणि या बहुतेक वेळा अशाच सापडतात: एक बाहेरच्या कागदावरून कळते, आणि दुसरीला तिच्यामागून शोधावे लागते.

हाच तो मघाशी म्हटलेला अपवाद. दुसरी चूक हाती लागेपर्यंत पहिली दुरुस्त करायची असेल तर तेरीज मोडते, म्हणून तेवढ्यापुरते सस्पेन्स खाते उघडायचे:

सस्पेन्स खाते — नावे १,८००
पुरवठादाराचे खाते — जमा १,८००

आता दुसरी शोधायची. जुनी मुनीम मंडळी फरकाला आधी नवाने भागून पाहतात. लागून असलेल्या दोन अंकांची अदलाबदल झाली की फरक नेहमी नवाने भागला जातो. हजार आणि शतक यांची अदलाबदल असेल तर फरक त्या दोन अंकांच्या वजाबाकीच्या ९०० पट येतो. १,८०० ला ९०० ने भागले की २. म्हणजे ज्या रकमेत हजाराचा आणि शतकाचा अंक यांत दोनाचा फरक आहे अशा रकमा पाहायच्या. पुरवठादाराच्या ५,३०० मध्ये पाच आणि तीन होतेच. दुसरा तपास निम्म्याचा: ९०० ची एखादी रक्कम चुकीच्या बाजूला पडली असेल तरीही फरक १,८०० येतो. दोन्ही फक्त इशारे आहेत, पुरावे नाहीत. सरळ एखादी १,८०० ची नोंद खतवायची राहिली असेल तर यातले काहीच उपयोगी पडत नाही.

इथे पहिला इशारा लागू पडला. रोखवहीत जानेवारीची हमाली ८,६४० होती, हमाली खात्यात ६,८४०. आठ आणि सहा यांच्यात दोनाचा फरक. नावे बाजू १,८०० नी कमी.

हमाली खाते — नावे १,८००
सस्पेन्स खाते — जमा १,८००

सस्पेन्स खाते शून्य झाले. दोन्ही नोंदी एकत्र केल्या, सस्पेन्स दोन्हीकडून गळले, की उरते तीच सुरुवातीची विचित्र नोंद. दोन्ही चुका एकदमच सापडल्या तर सस्पेन्सशिवाय ती थेट करता येते, वहीत तारीख मात्र ३१ मार्चचीच. पण तिच्याखाली स्पष्टीकरण नीट लिहिलेच पाहिजे: कोणत्या पानावर ८,६४० ऐवजी ६,८४० खतवले गेले, आणि कोणत्या बिलाचे ५,३०० ऐवजी ३,५०० पडले. 'चूक दुरुस्त केली' एवढेच लिहिले तर सहा महिन्यांनी ती नोंद करणाऱ्यालाच कळणार नाही.

भरपाई चुकांनी नफा बिघडतोच असे नाही, म्हणून प्रत्येक जोडी वेगळी तपासावी लागते. खरेदी पुस्तकाची आणि विक्री पुस्तकाची बेरीज दोन्ही १,००० नी जास्त झाल्या, तर विक्री नावे, खरेदी जमा अशी दुरुस्ती होते आणि नफा जागच्या जागी राहतो, कारण दोन्ही व्यापार खात्यातच समोरासमोर आहेत. आपल्या जोडीत मात्र एक पाय खर्चात आहे आणि दुसरा देण्यात. हमाली १,८०० नी वाढली, म्हणजे नफा १,८०० नी घटला आणि ताळेबंदातले देणे तेवढेच वाढले.

या दुकानाचा नफा आधी ३,१२,००० दिसत होता. काट्याने २०,४०० वाढवले, टेम्पोने १६,६५०, लाइटबिलाने ४,८००, माने यांच्या बिलाने १४,००० (खरेदी घटली ७,०००, विक्री वाढली ७,०००), आणि हमालीने १,८०० कमी केले. पाटलांनी काहीच केले नाही. खरा नफा ३,६६,०५०. तेरीज आधीही जुळत होती, नंतरही जुळते.

संगणकावर हिशेब ठेवणारे म्हणतील की टॅलीत हे होत नाही. अर्धे खरे आहे. टॅली नावे-जमा सारखे नसलेले व्हाउचर घेतच नाही, आणि खतावणी व बेरजा स्वतः करते, त्यामुळे ८,६४० चे ६,८४० एकाच बाजूला होणे आता जवळजवळ संपले. पण व्हाउचरमध्येच ६,८४० टाइप केले तर ते दोन्ही बाजूंना चुकते, आणि टॅली मुकाट्याने घेते. तत्त्वाच्या चुका करणे तर उलट सोपे झाले आहे. काट्याचे लेजर उघडताना `Fixed Assets` ऐवजी `Indirect Expenses` हा गट निवडला, की त्या लेजरमध्ये जाणारी प्रत्येक रक्कम खर्चात जाते. इथे रोजकीर्दीत नोंद लागत नाही, लेजरचा गट बदलला की पुरे, घसारा मात्र वेगळा घालावा लागतो. पण बरोबर गटातल्या भलत्याच लेजरमध्ये रक्कम गेली असेल तर जुने व्हाउचर उघडून बदलण्याचा मोह टाळावा, विशेषतः विवरणपत्रे भरून झाल्यावर. १ एप्रिल २०२३ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांपासून कंपन्यांना असेच सॉफ्टवेअर वापरावे लागते ज्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही. आपल्या दुकानासारख्या एकट्या मालकाच्या धंद्याला तो नियम नाही, पण दुरुस्ती वेगळ्या जर्नल व्हाउचरने करण्याची सवय त्याच्याही कामाची आहे. बँकेने कर्जासाठी जुनी पत्रके मागितली आणि आजची वही त्यांच्याशी जुळली नाही, तर खुलासा करता येत नाही.

आणि हे सगळे वर्षाची पत्रके तयार होण्याआधी सापडले नाही तर? पत्रके तयार झाली, खरेदी, हमाली, वीजबिल ही खाती नफा-तोट्यात मिटली, आणि काट्याची चूक ऑगस्टमध्ये लक्षात आली असे धरा. आता खरेदी जमा २४,००० केले तर चालू वर्षाची खरेदी विनाकारण घटेल आणि गेल्या वर्षीचा नफा या वर्षी दिसेल. म्हणून मिटलेल्या खात्याच्या जागी नफा-तोटा समायोजन खाते घ्यायचे:

यंत्रसामग्री खाते — नावे २४,०००
नफा-तोटा समायोजन खाते — जमा २४,०००

नफा-तोटा समायोजन खाते — नावे ३,६००
यंत्रसामग्री खाते — जमा ३,६००

शिल्लक राहिलेले २०,४०० मालकांच्या भांडवल खात्यात जमा. यंत्रसामग्री खात्यात उरतात तेही २०,४००, आणि या वर्षाचा घसारा आता त्यावर मोजायचा, २४,००० वर नाही. जी खाती मिटत नाहीत, म्हणजे पुरवठादार, गिऱ्हाइके, मालमत्ता, त्यांना हा फेरा लागत नाही. दोन पाटलांची दुरुस्ती कोणत्याही वर्षी जशीच्या तशी होते. हमालीच्या जोडीत मात्र एक पाय मिटलेला आणि एक जिवंत असतो, म्हणून हमाली खात्याच्या जागी समायोजन खाते नावे १,८०० आणि सांगलीचा पुरवठादार जमा १,८००. तो बिचारा पुरवठादार त्या १,८०० साठी पुढच्या बिलासोबत परत उतारा पाठवणारच आहे.